येत्या रविवारी कोणत्या बसमध्ये बसाल?

क्लबच्या सर्व सभासदांना,

येत्या रविवारी आपण सगळे मिळून मरीन ड्राइव्हवर दहा किलोमीटर धावणार आहोत. ही शर्यत नाही. पदक नाही, नंबर नाही. एरवी आपण आपापल्या भागात, आपापल्या वेळेला धावतो. रविवारी एकत्र धावायचं आहे आणि एकत्रच पोचायचं आहे.

त्यासाठी तीन गट केले आहेत. धावणाऱ्यांच्या बोलीत बोलायचं तर तीन बस. साठची बस दहा किलोमीटर साठ मिनिटांत पूर्ण करेल, म्हणजे दर किलोमीटरला सहा मिनिटं. सत्तरची बस सत्तर मिनिटांत, दर किलोमीटरला सात मिनिटं. ऐंशीची बस ऐंशी मिनिटांत, दर किलोमीटरला आठ मिनिटं. प्रत्येक बसच्या पुढे एक पेसर असेल आणि मागे एक सोबती. साठच्या पेसरच्या हातात निळा झेंडा असेल, सत्तरच्या हातात भगवा आणि ऐंशीच्या हातात हिरवा.

आता नीट वाचा, कारण हे नेहमीपेक्षा वेगळं आहे. सगळ्या बस एकदम सुटणार नाहीत. ऐंशीची बस सर्वांत आधी, पहाटे ५.४० ला सुटेल. सत्तरची ५.५० ला. साठची ६.०० ला. हिशेब करून पाहा. तिघीही ७.०० वाजता शेवटाला पोचतात.

असं करण्यामागे कारण आहे. एकदम सुटलो की वेगवान माणसं आधी पोचतात, गार होतात, घाम वाळतो आणि ती निघून जातात. हळू धावणारे पोचतात तेव्हा तिथे कोणीच नसतं. क्लबमधल्या कित्येकांनी हे अनुभवलं आहे आणि त्यातल्या काहींनी येणंच सोडलं. या रविवारी तसं होऊ द्यायचं नाही.

रस्ता

सुरुवात एनसीपीएच्या समोर, समुद्राच्या बाजूच्या पदपथावर. तिथून गिरगाव चौपाटीच्या दिशेने अडीच किलोमीटर जायचं, जिमखान्यांच्या पट्ट्यात वळायचं आणि परत एनसीपीएला यायचं. ही झाली पाच किलोमीटरची एक फेरी. अशा दोन फेऱ्या. चढ नाही, सिग्नल नाही, रस्ता ओलांडायचा नाही. वळणाच्या जागी आपला एक सभासद टॉर्च घेऊन उभा असेल.

पदपथावर खडूने खुणा केलेल्या असतील. एकाच खुणेवर चार आकडे दिसतील, त्याने गोंधळू नका. एनसीपीएपासून एक किलोमीटरवर १, ४, ६ आणि ९ लिहिलेलं असेल, कारण त्या जागेवरून तुम्ही चारदा जाणार आहात. दोन किलोमीटरवर २, ३, ७ आणि ८.

आपली बस कशी ओळखायची

यातच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

गेल्या महिना-दीड महिन्यात तुम्ही पाच किलोमीटर जीव लावून कधी धावला असाल, तर ती वेळ आठवा. ती दुप्पट करा. त्यात दहा मिनिटं मिळवा. जो आकडा येईल तो तुमचा रविवारचा आकडा.

म्हणजे पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत होत असतील तर पन्नास अधिक दहा, साठ. तीस मिनिटांत होत असतील तर सत्तर. पस्तीस मिनिटांत होत असतील तर ऐंशी.

ही दहा मिनिटं कशाची? साधारण अडीच-तीन मिनिटं अंतराची आहेत. पाचाचे दहा झाले की कोणाचाच वेग तोच राहत नाही, पाय थकतातच. उरलेली सात मिनिटं गप्पांची आहेत. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं, वळणावर उभ्या असलेल्या माणसाला हात करता यावा, दुसऱ्या दिवशी कामाला नीट जाता यावं, यासाठी ती ठेवली आहेत. ही सात मिनिटं वाचवायला जाऊ नका.

आकडा दोन बसच्या मध्ये आला तर हळू बस धरा. समजा तुमचे पाच किलोमीटर बत्तीस मिनिटांत होतात. चौसष्ट अधिक दहा, चौऱ्याहत्तर. तुम्ही ऐंशीच्या बसमध्ये. सव्वीस मिनिटांत होत असतील तर बासष्ट. तुम्ही सत्तरच्या बसमध्ये. मला माहीत आहे, सव्वीसवाल्याला वाटेल की साठ मला सहज जमेल. जमेलही. पण मग ते धावणं एकट्याचं होईल. तोंडातून शब्द निघणार नाही आणि शेजारी कोण आहे ते कळणार नाही.

जुनी वेळ धरू नका. दोन वर्षांपूर्वी तुम्ही छान धावत होता, मध्ये गुडघा दुखला, नोकरी बदलली, घरात आजारपण आलं. पाय आजचे आहेत, तर वेळही आजचीच घ्या. पाच किलोमीटरची वेळच माहीत नसेल तर या आठवड्यात मंगळवारी किंवा बुधवारी एकदा धावून बघा. गुरुवारनंतर बघू नका. रविवारी पाय ताजे हवेत.

एक पायरी वरची बस धरली तर काय होतं

हे एका उदाहरणाने सांगतो. समजा एक ताई आहेत. त्यांचे पाच किलोमीटर पूर्ण ताकदीने तीस मिनिटांत होतात. हिशेबाने त्यांची बस सत्तरची. पण मैत्रिणी साठच्या बसमध्ये आहेत, म्हणून त्याही तिथे उभ्या राहतात.

पहिला किलोमीटर आरामात होतो. पहाट आहे, हवा गार आहे, सगळं छान वाटतं. दुसरा, तिसरा तसाच. चौथ्याला बोलणं बंद होतं. पाच किलोमीटरला एनसीपीएपाशी येतात तेव्हा घड्याळात बरोबर तीस मिनिटं झालेली असतात. म्हणजे ताई आपली पूर्ण ताकदीची धाव धावून मोकळ्या झाल्या आहेत, आणि अजून तेवढंच अंतर बाकी आहे.

पुढे काय होतं ते तुम्हीच सांगाल. सहावा किलोमीटर साडेसहा मिनिटांचा. सातव्याला बस पुढे निघून जाते. आठव्याला चालणं सुरू. दुसऱ्या पाच किलोमीटरला चाळीस मिनिटं लागणं मुळीच अवघड नाही. तीस अधिक चाळीस, सत्तर. ज्या वेळेत सत्तरची बस त्यांना हसत-खेळत पोचवणार होती, त्याच वेळेत त्या धापा टाकत, शेवटचा पल्ला एकट्या चालत पोचल्या. सोमवारी दादरचा पूल चढताना मांड्या बोलतील ते वेगळंच.

यात रविवारची आणखी एक अडचण आहे. आपण हळू बस आधी सोडतो. म्हणजे एरवी ज्याचा आधार असतो तो इथे नाही. एरवी पुढच्या गटातून मागे पडलं की मागून दुसरा गट येतो आणि तुम्हाला सामावून घेतो. रविवारी साठच्या बसमधून मागे पडलात तर मागून कोणीच येणार नाही, सगळे पुढे असतील. म्हणून प्रत्येक बसच्या मागे एक सोबती ठेवला आहे. त्याचं काम एकच, मागे पडणाऱ्याला एकटं न सोडणं. पण सोबती एक आहे. चौघे मागे पडले तर तो चौघांबरोबर धावू शकत नाही. म्हणून मुळातच बरोबर बस निवडा.

उलट बाजूने मात्र काही अडचण नाही. तुम्ही हळू बस धरली आणि आठ किलोमीटरनंतर अंगात भरपूर दम उरला असं वाटलं, तर पेसरला सांगा आणि शेवटचे दोन किलोमीटर मोकळे धावा. पुढे आपलीच माणसं आहेत.

ऐंशीची बस: चालणं हा तिच्या बेताचा भाग आहे

ऐंशीची बस सलग धावणार नाही. चार मिनिटं धावायचं, एक मिनिट झपझप चालायचं. पुन्हा चार, पुन्हा एक. शेवटपर्यंत असंच. धावताना वेग साधारण साडेसात मिनिटांना किलोमीटर असेल. चालण्याचं मिनिट धरून सरासरी आठ पडते.

ही पद्धत जेफ गॅलोवे यांनी जगभर लोकप्रिय केली. ते अमेरिकेचे धावपटू, १९७२च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले. म्हणजे दहा किलोमीटर जोरात धावणं काय असतं हे नीट ठाऊक असलेल्या माणसाने सांगितलेली ही गोष्ट आहे. तिला कमीपणा समजू नका.

एक मात्र पाळा. पहिलं चालणं चौथ्या मिनिटालाच घ्या. तेव्हा तुम्ही थकलेले नसाल. चालायची गरज वाटणार नाही. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासमोर चालायला लाजही वाटेल. तरी चाला. थकल्यावर चालायला लागलं की मिनिटाची दोन होतात, दोनाची चार होतात आणि पुन्हा धावायला पाय उचलत नाहीत. थकण्याआधी चाललं की पाय ताजे राहतात आणि नवव्या किलोमीटरलाही चार मिनिटं धावता येतं.

चालायची वेळ आली की पेसर झेंडा वर करेल आणि बस पदपथाच्या डाव्या कडेला येईल. वाटेत मधोमध अचानक थांबू नका. मागच्याचा पाय तुमच्या टाचेत अडकतो आणि पडतात दोघेही.

पाच किलोमीटरला पस्तीस मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागत असेल तरी ऐंशीच्या बसमध्ये या, पण एकच फेरी करा. चाळीसच्या वर जात असेल किंवा नुकतंच धावायला लागला असाल, तर ५.४० लाच निघा, पण आपल्या वेगाने. तुमच्यासाठी एक वेगळा सोबती असेल. पन्नास मिनिटांत एक फेरी झाली तर साडेसहाला तुम्ही एनसीपीएला असाल. दुसऱ्या फेरीला जाणाऱ्या शेवटच्या मंडळींना पाणी द्यायला तेव्हा हात लागतातच.

घड्याळाचं ऐकू नका, पेसरचं ऐका

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ आहे. ते चांगलंच आहे. पण रविवारी त्यावरून पेसरशी वाद घालू नका.

घड्याळ तुम्ही प्रत्यक्ष तुडवलेलं अंतर मोजतं. फिरायला आलेल्या आजोबांना टाळून डावीकडे, कुत्र्याला टाळून उजवीकडे, वळणावर बाहेरून मोठा वळसा, अशी थोडी थोडी पावलं वाढत जातात. शिवाय जीपीएसची स्वतःची चूक असते. त्यामुळे घड्याळ खडूच्या खुणेच्या आधीच वाजतं आणि शेवटी दहाऐवजी दहा किलोमीटर शंभर किंवा दोनशे मीटर दाखवतं. पेसर खडूच्या खुणेवर वेळ बघतो. म्हणून घड्याळाला वाटतं आपण ठरल्यापेक्षा जोरात चाललो आहोत आणि पेसर म्हणतो आपण बरोबर आहोत. पेसरचं खरं माना.

घड्याळात त्या क्षणाचा वेग दिसतो, तोही बघू नका. तो दर काही सेकंदांनी उड्या मारतो. आता साडेपाच, आता सात. त्याच्या मागे लागलात तर तुमचं धावणं झटक्याझटक्याचं होईल.

पहिला किलोमीटर प्रत्येक बस मुद्दाम हळू घेणार आहे. साठची बस सहा मिनिटं दहा-पंधरा सेकंदांत, सत्तरची सात मिनिटं दहा-पंधरा सेकंदांत. ऐंशीचीही तशीच. पहाटे उठलेलं अंग आखडलेलं असतं. ते सुटेपर्यंत घाई करायची नाही. राहिलेले सेकंद पुढच्या तीन-चार किलोमीटरमध्ये थोडे थोडे भरून निघतात. पहिल्या किलोमीटरला पेसरच्या पुढे जाऊ नका. त्या वेळी सगळ्यांनाच आपण आज जोरात आहोत असं वाटतं.

बस वेळेवर आहे का, हे कसं कळेल

दोन खुणा लक्षात ठेवा. त्यासाठी घड्याळात फक्त वाजले किती एवढंच बघायचं आहे.

पहिली खूण ६.०४ ला. तेव्हा सत्तरची बस जाताना दोन किलोमीटरच्या खुणेवर असेल. ऐंशीची बस वळून परत येताना त्याच खुणेवर, तिच्या तीन किलोमीटरवर असेल. म्हणजे दोन्ही बस तिथे समोरासमोर भेटल्या पाहिजेत. भेट वळणाच्या बरीच जवळ झाली तर ऐंशीची बस मागे पडली आहे किंवा सत्तरची घाई करते आहे. एनसीपीएच्या बाजूला झाली तर उलट. पेसर तिथेच ओळखतील आणि सावरतील. तुम्ही फक्त एकमेकांना हात करा.

दुसरी खूण पाच किलोमीटरला, एनसीपीएपाशी. ऐंशीची बस ६.२० ला यायला हवी, सत्तरची ६.२५ ला आणि साठची ६.३० ला. इथे प्रत्येक जण स्वतःची चाचणी घ्या. शेजारच्याला एक पूर्ण वाक्य म्हणून दाखवा, मध्ये श्वासासाठी न थांबता. 'आज घरी जाऊन पोहे करणार आहे, येतोस का,' एवढं जरी जमलं तरी पुरे. नाही जमलं तर दुसऱ्या फेरीत सोबत्याबरोबर मागे राहा, किंवा इथेच थांबा. पाच किलोमीटर म्हणजे अर्धवट धाव नव्हे. म्हणूनच आपण दोन फेऱ्यांचा रस्ता निवडला, थांबायचं असेल तर माणूस सुरुवातीच्याच जागी असावा, दोन-तीन किलोमीटर लांब अडकलेला नसावा.

दुसऱ्या फेरीत तिन्ही बस हळूहळू जवळ येतात. नऊच्या खुणेला ऐंशीची बस ६.५२ ला असेल, सत्तरची ६.५३ ला, साठची ६.५४ ला. साठची मंडळी, हे तुमच्यासाठी आहे. नऊच्या खुणेच्या आधीच तुम्ही हिरव्या झेंड्याला गाठलंत, तर तुम्ही ठरल्यापेक्षा जोरात आला आहात. पुढे जाऊ नका. वेग कमी करा. पुढच्या माणसाला गाठायची ओढ सगळ्यांना असते, पण रविवारी ती सातच्या ठोक्याला पुरी करायची आहे, त्याआधी नाही.

शेवटच्या किलोमीटरची गर्दी

तिन्ही बस एकत्र येणं दिसायला सुरेख आहे, पण तिथेच धडकण्याचा धोका जास्त आहे. रविवारी पहाटे पदपथ आपल्या एकट्याचा नसतो. चालायला आलेली म्हातारी माणसं असतात, सायकली असतात, कठड्यावर बसलेली मुलं असतात.

म्हणून नऊच्या खुणेपासून सगळ्यांनी डाव्या बाजूने, जास्तीत जास्त दोघे शेजारी. मागून येणाऱ्याने उजवीकडून जायचं आणि जाण्याआधी 'उजवीकडून' असं मोठ्याने सांगायचं. ज्याला ऐकू आलं त्याने मागे वळून बघायचं नाही, फक्त सरळ धावत राहायचं. मागे वळलं की माणूस आपोआप त्याच बाजूला झुकतो.

या कारणासाठी कानात इअरफोन नकोत. एरवी एकटे धावताना काय करता ते तुम्ही जाणा. रविवारी मात्र पेसरचा आवाज आणि 'उजवीकडून' ऐकू आलंच पाहिजे.

कितीही गर्दी झाली तरी पदपथावरून खाली रस्त्यावर उतरू नका. पहाटे रस्ता रिकामा असतो, म्हणूनच गाड्या तिथे सर्वांत जोरात असतात. पुढे जायला जागा नसेल तर मागे राहा. फोटोसाठी कठड्यापलीकडे टेट्रापॉडवर उतरू नका. ते शेवाळलेले असतात, घामाने ओले बूट त्यावर टिकत नाहीत.

पहाटेची तयारी

डिसेंबरात मुंबईचा सूर्य साधारण सातला उगवतो. म्हणजे ऐंशीची बस अंधारात सुटेल. रस्त्याचे दिवे असतात, तरी फिकट रंगाचा टीशर्ट घाला. काळा नको.

लोकलने येणाऱ्यांनी रविवारचं वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून ठेवा. चर्चगेटहून एनसीपीए चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. ते चालणं म्हणजे अंग गरम करणंच आहे, वेगळा व्यायाम लागणार नाही. स्वच्छतागृह चर्चगेट स्टेशनवरच उरका. पुढे शोधत बसावं लागतं.

विरार, कल्याण, पनवेलकडून येणाऱ्या आणि ऐंशीच्या बसमध्ये असलेल्या मंडळींवर या वेळापत्रकात थोडा अन्याय होतो, याची मला जाणीव आहे. सर्वांत लांबून येऊन सर्वांत आधी तुम्हालाच उभं राहायचं आहे. म्हणून एक सोय ठेवली आहे. गाडी चुकली, उशीर झाला, तर धावत जाऊन बस गाठू नका. तशी गाठलेली बस दोन किलोमीटरवर सुटते. ६.२० पर्यंत एनसीपीएला थांबा. ऐंशीची बस पहिली फेरी संपवून तिथे येईल. तिच्याबरोबर दुसरी फेरी करा आणि सातला सगळ्यांबरोबर पोचा.

घरून निघताना एक केळं किंवा दोन-तीन खजूर आणि नेहमीचा चहा पुरे. रविवारी सकाळी नवीन काही खाऊन बघू नका. नवे बूटही नकोत. पाणी एनसीपीएपाशी आणि वळणावर, दोन्हीकडे असेल. थंडी असली तरी इथली हवा दमट आहे, घाम येतोच. प्रत्येक ठिकाणी दोन-चार घोट घ्या. एकदम भरपूर पिऊ नका, पोटात ढवळतं.

मधुमेह असेल तर खिशात साखर किंवा गोड गोळ्या ठेवा आणि पेसरला सुटण्याआधी सांगा. रक्तदाबाचं, हृदयाचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ताप येऊन गेलेला असेल, छातीत कफ असेल, तर रविवारी धावू नका. या, झेंडा धरा, वळणावर उभे राहा. छातीत दाब, हात किंवा जबडा दुखणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर तिथल्या तिथे थांबा आणि शेजारच्याला सांगा. 'होईल बरं' म्हणून पुढे जाऊ नका. शेजारच्याने त्याला सोडून जायचं नाही, बस गेली तरी चालेल.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला नाव दिलेले सभासदही आहेत. तुम्हाला वाटेल की हा रविवार जोरात धावायचा आहे. तुमच्या बेतात तसा जोराचा दिवस असेल तर तो बुधवारी घ्या किंवा पुढच्या आठवड्यात घ्या. रविवारी तुम्ही पेसर झालात तर उत्तम. ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या वेगाने दहा किलोमीटर दुसऱ्यांना घेऊन जाणं तुम्हालाही खूप शिकवून जाईल, कारण शर्यतीच्या पहिल्या दहा किलोमीटरला स्वतःला आवरणंच सगळ्यांना जड जातं.

शुक्रवारी रात्री नऊपर्यंत मला एवढंच कळवा: तुमचं नाव, पाच किलोमीटरची अलीकडची वेळ, कोणती बस, आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर. वेळ आणि बस जुळत नसतील तर मी शनिवारी सकाळी तुम्हाला फोन करीन. पेसरांनी आणि सोबत्यांनी शनिवारी संध्याकाळी साडेपाचला एनसीपीएला यावं. खुणा त्याच वेळी करायच्या आहेत. खडू आणि मोजण्याचं चाक मी आणतो.